जुन्या साहेबांकडे रेफरन्स मागताना त्यांना 'नाही' म्हणणे सोपे कसे करावे?

चाकणकर (सोमवार, सकाळी ९.४०)

नमस्कार. मी गेली ११ वर्षे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये क्वालिटी विभागात काम करतो आहे. एका कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या प्रमुखपदासाठी माझ्या मुलाखती पूर्ण झाल्या असून ऑफर लेटर देण्यापूर्वी त्यांनी दोन नावे मागितली आहेत. त्यांपैकी एक नाव, ज्यांच्या हाताखाली मी किमान दोन वर्षे थेट काम केले आहे अशा वरिष्ठांचे हवे आहे. सध्याच्या कंपनीत मी राजीनामा दिलेला नाही, त्यामुळे सध्याच्या साहेबांचे नाव देता येत नाही. उरतात ते २०१७ ते २०२१ या काळातले माझे साहेब.

त्यांच्याशी माझे भांडण कधीच झाले नाही. परंतु ग्राहक कंपनीचे मोठे ऑडिट सहा आठवड्यांवर आलेले असताना मी नोकरी सोडली होती, आणि ते त्यांना आवडले नसावे, असे मला आजही वाटते. त्यानंतर आमचा संपर्क दिवाळीच्या शुभेच्छांपुरताच राहिला. ते इतके सभ्य गृहस्थ आहेत की समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणणार नाहीत. मनात नसताना त्यांनी होकार द्यावा आणि मग फोनवर त्यांची पंचाईत व्हावी, हे मला नको आहे. मी पुढील मसुदा तयार केला आहे, त्यात काय बदलावे ते कृपया सांगावे. नावे या शुक्रवारपर्यंत द्यायची आहेत.

"नमस्कार सर. आपण सर्व मजेत असाल. एका चांगल्या कंपनीत माझी निवड होत आली आहे. रेफरन्ससाठी आपले नाव आणि नंबर दिला तर चालेल ना? आपला आशीर्वाद असू द्या."

ओंकार_ब (सोमवार, सकाळी १०.१५)

यात संकोच करण्यासारखे काहीच नाही. आमच्या कंपनीत तर आम्हीच ओळखीच्या लोकांचे सीव्ही मागत फिरतो, कारण माणूस रुजू झाला की आम्हाला बोनस मिळतो. तुम्ही त्यांना जागेचा क्रमांक आणि सीव्ही पाठवा, ते आनंदाने पुढे देतील.

जुईली (सोमवार, सकाळी १०.५०)

ओंकार, तुम्ही रेफरलबद्दल बोलत आहात. चाकणकर यांचे साहेब त्या नव्या कंपनीत नाहीत. त्यांना फक्त फोनवर यांच्या कामाविषयी सांगायचे आहे आणि त्यात त्यांचा काडीचाही फायदा नाही. म्हणूनच हे मागणे अवघड असते.

मी दोन वर्षांपूर्वी यात पोळले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी माझ्या जुन्या मॅडमना फोन केला होता. पाच मिनिटे मुलाबाळांची चौकशी झाली, मग मी विषय काढला आणि त्या लगेच म्हणाल्या, "अगं, दे ना नंबर, त्यात काय विचारायचे!" कोणते पद, कोणती कंपनी, काय विचारणार आहेत, यातले त्यांनी काहीही विचारले नाही. तेव्हा मला ते मोकळे मन वाटले. नंतर नव्या कंपनीच्या एचआरने मला पुन्हा बोलावून, माझ्या आणि मॅडमच्या सांगण्यात नोकरी सोडण्याचे कारण वेगळे कसे, असे विचारले. मी 'शिफ्ट जमत नव्हती' असे लिहिले होते आणि मॅडमना ते आठवतच नव्हते, म्हणून त्यांनी 'वैयक्तिक कारण असावे' असे सांगितले. शेवटी नोकरी मिळाली, पण ते तीन दिवस मी विसरणार नाही. मॅडमची यात काही चूक नव्हती. मी त्यांना विचार करायला जागाच ठेवली नव्हती.

जुना_शॉपफ्लोअर (सोमवार, दुपारी १.२०)

मी २४ वर्षे कारखान्यात व्यवस्थापक होतो आणि आता निवृत्त आहे. वर्षाला आठ-दहा जण तरी माझे नाव द्यायला मागत असत. त्या बाजूने काय दिसते ते सांगतो.

चाकणकर, तुमच्या मसुद्यातला सगळा दोष 'चालेल ना?' या दोन शब्दांत आहे. 'ना' लावून विचारलेल्या प्रश्नाला आपल्याकडे 'हो' हे एकच उत्तर असते. 'नाही' म्हणायचे तर समोरच्याला आधी कारण शोधावे लागते आणि मग ते सभ्य शब्दांत सांगावे लागते. त्यापेक्षा 'हो' म्हणून मोकळे होणे सोपे. त्यात तुम्ही शेवटी आशीर्वाद मागितला आहे. आशीर्वाद कोण नाकारील?

दुसरी गोष्ट अशी की 'रेफरन्स द्याल का' हा प्रश्न फार मोघम आहे. मला जर कोणी विचारले की 'तुम्ही माझ्या अमुक कामाबद्दल मनापासून चांगले सांगू शकाल का', तर मला खरे उत्तर देता येते. एका मुलाने मला असेच विचारले होते. मशीन शॉपमधले त्याचे काम उत्तम होते, पण तो जात होता ग्राहकांशी बोलण्याच्या कामावर. मी त्याला कळवले की तांत्रिक कामाबद्दल हवे तेवढे बोलेन, ग्राहकांसमोर मी तुला कधी पाहिलेले नाही. त्याने दुसऱ्या कोणाचे तरी नाव दिले. आम्हा दोघांनाही त्यात अवघडल्यासारखे झाले नाही, कारण मी त्याला नाकारले नव्हते. मला काय माहीत आहे एवढेच मी सांगितले होते.

तिसरे म्हणजे, पूर्ण होकार आणि पूर्ण नकार यांच्या मध्ये एक पायरी ठेवा. 'फक्त काळ आणि हुद्दा यांची खात्री करून देणे सोयीचे असेल तर तसे सांगावे' असे लिहिलेत, तर ज्यांना बोलायचे नाही त्यांना सन्मानाने उतरायला जागा मिळते. माझा अनुभव असा की या पायरीवर उतरणारा माणूस बहुधा 'नाही'च म्हणत असतो, फक्त ते त्याला म्हणावे लागत नाही.

आणि हे सगळे नाव देण्यापूर्वी विचारायचे. नाव देऊन झाल्यावर विचारणे म्हणजे लग्नपत्रिका छापून मग मुलीला विचारण्यासारखे आहे.

सत्यजित_एम (सोमवार, दुपारी ३.०५)

मी एचआरमध्ये आहे. येथे सर्वांचा वेळ जातो आहे असे वाटते, कारण बऱ्याच मोठ्या कंपन्यांत व्यवस्थापकांना रेफरन्स देण्याची परवानगीच नसते. विचारणा आली की ती एचआरकडे पाठवायची आणि एचआर फक्त रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि हुद्दा कळवणार. त्यामुळे साहेबांना विचारण्याचा प्रश्नच येत नाही. चाकणकर यांनी नव्या कंपनीला सरळ जुन्या एचआरचा ईमेल द्यावा.

जुना_शॉपफ्लोअर (सोमवार, दुपारी ३.४०)

सत्यजित, नियमाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आमच्याकडेही तसा नियम होता. पण तो कंपनीच्या वतीने लिहून देण्यापुरता लागू होता. नव्या कंपनीचा माणूस संध्याकाळी वैयक्तिक मोबाइलवर फोन करतो आणि मी व्यक्ती म्हणून बोलतो, असेच सगळीकडे चालते. काही ठिकाणी तेही चालत नसेल, म्हणून मागणाऱ्याने स्वतःच 'आपल्या कंपनीच्या नियमात बसत नसेल तर' असे लिहावे. त्याने आणखी एक सोय होते: ज्याला नकार द्यायचा आहे त्याला नियमाचे कारण आयते मिळते.

सत्यजित_एम (सोमवार, दुपारी ४.१०)

ते मान्य आहे. पडताळणी आणि कामाबद्दलचे बोलणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मी लिहायला हवे होते. ऑफरनंतर पडताळणी करणारी एजन्सी तारखा तपासते आणि त्यासाठी एचआर पुरेसे असते. चाकणकर यांच्या बाबतीत मात्र ऑफरपूर्वी विचारणा आहे, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ते काम करणार आहेत तेच अधिकारी बहुधा फोन करतील. तेथे तारखांनी भागणार नाही.

मीनाक्षीताई (सोमवार, रात्री ८.३०)

मला हे सगळे लेखी विचारणे रुक्ष वाटते. ज्यांच्या हाताखाली चार वर्षे काम केले, त्यांना इतक्या वर्षांनी मेसेज पाठवून उत्तर द्या म्हणायचे? आमच्या काळी पेढे घेऊन घरी जात असू. निदान फोन तरी करावा. वडीलधाऱ्या माणसाला लेखी प्रश्नपत्रिका पाठवणे योग्य नाही.

जुईली (सोमवार, रात्री ९.००)

ताई, तुमची भावना समजते. पण पेढे घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला कोण नाही म्हणेल? फोनवर उत्तर त्याच क्षणी द्यावे लागते. मेसेज वाचून माणूस एक रात्र विचार करू शकतो, जुनी फाइल आठवू शकतो, घरात बोलू शकतो. माझ्या मॅडमना ती रात्र मिळाली असती तर त्यांनी निदान मी का सोडले ते विचारले असते.

मीनाक्षीताई (सोमवार, रात्री ९.२५)

ती रात्र मिळायला हवी हे पटले. तरीही इतक्या वर्षांत शुभेच्छांपलीकडे न बोललेल्या माणसाचा पहिलाच मेसेज कामाचा असावा, हे मला पटत नाही. आणि हो, पेढे काम झाल्यावर तरी न्यावेत.

लीड्सकर (मंगळवार, पहाटे २.१०)

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. येथे एनएचएसच्या नोकरीसाठी किमान गेल्या तीन वर्षांचे रेफरन्स लागतात आणि ते बहुतेक वेळा रुग्णालयाकडून ईमेलने आलेल्या फॉर्मवर भरून द्यायचे असतात. बरेच मालक फक्त तारखा आणि हुद्दा एवढेच देतात आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही, कारण ते सर्वांनाच तसे देतात. त्यामुळे 'फक्त तारखा' ही पायरी येथे अगदी रूढ आहे. महाराष्ट्रात ती तितकी रूढ नाही, म्हणून मागणाऱ्यानेच ती पुढे करावी हे मला फार पटले.

माझ्याकडून एक भर: फोन कोणाचा येईल, कोणत्या नंबरावरून आणि किती वेळ चालेल, हे आधी कळवा. मी येथून अर्ज केला तेव्हा पुण्यातल्या माझ्या जुन्या सिस्टरांना परदेशी नंबरावरून तीनदा फोन गेला आणि त्यांनी तो फसवणुकीचा समजून उचलला नाही. तिकडे मला वाटत राहिले की त्यांना बोलायचे नाही.

वाटसरू (मंगळवार, सकाळी ८.१५)

भारतात तर हे रोज होते. अनोळखी नंबर दिसला आणि ट्रूकॉलरवर स्पॅमची लाल पट्टी आली की माणूस फोन कापतो. फोन उचलला नाही म्हणजे नकार, असा अर्थ लगेच काढू नये.

दुसरे असे की चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात सगळे एकमेकांना ओळखतात. सध्याच्या कंपनीत माहीत नाही, तेव्हा हे आपल्यापुरतेच ठेवावे, असे एक वाक्य अवश्य लिहा. साहेब चांगल्या मनानेच कोणाशी तरी बोलून जातील आणि तुम्ही राजीनामा देण्याआधी बातमी पोहोचेल.

चाकणकर (मंगळवार, रात्री १०.००)

सर्वांचे आभार. नवा मसुदा देत आहे.

"नमस्कार सर. २०१७ ते २०२१ या काळात मी आपल्या हाताखाली सप्लायर क्वालिटीचे काम पाहत होतो. एका कंपनीत सप्लायर क्वालिटी प्रमुख या पदासाठी माझी निवड शेवटच्या टप्प्यात आहे. सध्याच्या कंपनीत हे कोणाला माहीत नाही, त्यामुळे कृपया आपल्यापुरतेच ठेवावे. नव्या कंपनीचे क्वालिटी विभागाचे अधिकारी पुढच्या आठवड्यात, आपल्याला सोयीच्या वेळी, १५ ते २० मिनिटे फोनवर बोलू इच्छितात. कास्टिंगच्या पुरवठादारांकडचे रिजेक्शन कमी करण्यासाठी मी केलेले काम आणि आठ जणांची टीम सांभाळण्याची माझी तयारी, या दोन गोष्टींबद्दल ते विचारतील. या दोन्हींबद्दल आपण मनापासून चांगले सांगू शकाल असे आपल्याला वाटते का? आपले नाव मी अजून कोणालाही दिलेले नाही. आपल्याला ते सोयीचे नसेल किंवा कंपनीच्या नियमात बसत नसेल, तर 'जमणार नाही' एवढे दोन शब्द पुरेत, कारण सांगण्याची आवश्यकता नाही. फक्त काळ आणि हुद्दा यांची खात्री करून देणे सोयीचे असेल तर तेही मला पुरेसे आहे. गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर आले नाही तर आपल्याला जमत नाही असे मी समजेन."

जुना_शॉपफ्लोअर (मंगळवार, रात्री १०.४५)

पुष्कळ सुधारला आहे. 'दोन शब्द पुरेत' हे उत्तम, कारण नकाराचे शब्दही तुम्ही तयार करून दिले आहेत. मात्र तीन गोष्टी तपासा.

'तेही मला पुरेसे आहे' हे खरे आहे का? सत्यजित यांनी म्हटल्याप्रमाणे तारखांनी तुमचे काम होणार नाही. तेव्हा 'तेही मला उपयोगी पडेल, कामाबद्दल बोलण्यासाठी मी दुसरे नाव देईन' असे लिहा, आणि ते लिहिण्यापूर्वी ते दुसरे नाव खरोखर शोधून ठेवा. आपल्यावाचून अडणार नाही हे वाचणाऱ्याला कळले तरच त्याला 'नाही' म्हणणे हलके जाते.

'या दोन्हींबद्दल' असे विचारू नका. दोन प्रश्न एकत्र बांधले की एकाचे उत्तर 'नाही' असणारा माणूस गोंधळतो. 'दोन्हींपैकी ज्याबद्दल सांगू शकाल ते कळवावे' असे लिहा.

तिसरी गोष्ट तुम्ही टाळली आहे. अशा फोनवर 'या माणसाला तुम्ही पुन्हा नोकरीवर घ्याल का' हा प्रश्न जवळजवळ नेहमी येतो आणि त्याला लागूनच 'त्याने का सोडले' हेही येते. ऑडिटच्या आधी सोडून गेल्याचे साहेबांच्या मनात असेल, तर ते तेथेच बाहेर येईल. एका वाक्यात तुम्हीच लिहा की ऑडिट जवळ आले असताना मी सोडले याची मला जाणीव आहे आणि सोडण्याचे कारण मी नव्या कंपनीला असे असे सांगितले आहे.

वाटसरू (मंगळवार, रात्री ११.१०)

तिसऱ्या गोष्टीला माझा विरोध आहे. जे ते विसरले असतील ते आपणच का उकरून काढायचे? जखमेची खपली काढण्यासारखे होईल.

जुईली (बुधवार, सकाळी ७.५०)

मला जुना_शॉपफ्लोअर यांचे पटते. विसरले असतील तर एका वाक्याने फार काही बिघडत नाही. विसरले नसतील, तर ते वाक्य नसल्यामुळेच ते अडखळतील. शिवाय सोडण्याचे कारण दोघांकडून एकसारखे आले नाही की काय होते, ते मी पाहिले आहे.

मीनाक्षीताई (बुधवार, सकाळी ९.१०)

'उत्तर आले नाही तर जमत नाही असे समजेन' हे वाक्य मला अजूनही टोचते. रुसल्यासारखे वाटते. 'गुरुवारी संध्याकाळपर्यंत आपले उत्तर नसेल तर मी दुसरे नाव देईन, आपण मनात काही ठेवू नये' असे लिहिले तर अर्थ तोच राहतो आणि त्यात माया येते.

सत्यजित_एम (बुधवार, सकाळी ९.४५)

ताईंचे वाक्य घ्या. पण न आलेल्या उत्तराला नकार मानण्याविषयी माझा थोडा मतभेद आहे. लोक प्रवासात असतात, आजारी असतात. मी एकदा तरी आठवण करीन.

जुना_शॉपफ्लोअर (बुधवार, सकाळी १०.२०)

आठवण गेली की मौन पाळून नकार देण्याची वाट बंद होते. वाचल्याची निळी खूण दिसत असेल तर आठवण करू नये. मेसेज पोहोचलाच नसेल तर एकदा जरूर करावी.

चाकणकर (शुक्रवार, रात्री ९.१५)

काय झाले ते सांगतो. सर्व सुधारणा करून आणि ऑडिटबद्दलचे वाक्य घालून बुधवारी दुपारी मेसेज पाठवला. तत्पूर्वी आमच्या तेव्हाच्या प्रॉडक्शन प्रमुखांना विचारून ठेवले होते. नव्या लाइनसाठी मी सात महिने पाच जणांचा गट चालवला होता, तो त्यांच्या देखरेखीखाली होता.

साहेबांचे उत्तर गुरुवारी सकाळी आले. त्यांनी लिहिले की कास्टिंगच्या पुरवठादारांबद्दल ते आनंदाने बोलतील आणि संध्याकाळी सातनंतर फोन करावा. टीमबद्दल मात्र ते बोलू शकणार नाहीत, कारण त्यांच्याकडे असताना माझ्या हाताखाली कोणीच नव्हते. ऑडिटबद्दल त्यांनी लिहिले, "तेव्हा राग आला होता. विचारले तर तोही सांगेन, आणि नंतर तू हँडओव्हरच्या फाइली किती नीट ठेवल्या होत्यास तेही सांगेन."

हे वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. इतकी वर्षे हँडओव्हरबद्दल आमच्यात एक शब्द झाला नव्हता. आज नव्या कंपनीला दोन्ही नावे दिली, आणि कोण कशाबद्दल बोलू शकतील ते प्रत्येक नावापुढे लिहिले. पुरवठादारांबद्दल साहेब, टीमबद्दल प्रॉडक्शन प्रमुख. 'पुन्हा घ्याल का' या प्रश्नावर साहेब काय सांगतील ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

मीनाक्षीताई (शुक्रवार, रात्री ९.४०)

निकाल काहीही लागो, त्यांना आता फोन करा. कामाचे काही बोलू नका.

लीड्सकर (शनिवार, पहाटे १.३०)

एक प्रश्न राहून जातो. माझ्या मैत्रिणीच्या नव्या कंपनीला वरिष्ठांचा कंपनीचा अधिकृत ईमेलच हवा आहे, जीमेल चालत नाही असे ते म्हणतात. तिच्या मॅडम निवृत्त झाल्या आहेत आणि मनापासून बोलायला तयार आहेत. असा होकार हातात असून वापरता येत नसेल तर काय करावे?

सत्यजित_एम (शनिवार, सकाळी ८.५५)

आम्ही अशा वेळी त्यांच्या स्वाक्षरीचे जुने अप्रेझल लेटर मागतो, म्हणजे त्या खरोखर वरिष्ठ होत्या हे कळते, आणि मग जीमेलवरचे उत्तर स्वीकारतो. पण हे आमच्या कंपनीपुरते आहे. काही एजन्सी यालाही तयार होत नाहीत. मैत्रिणीने मॅडमचे नाव देण्यापूर्वी नव्या कंपनीच्या एचआरला हे लेखी विचारून घ्यावे, म्हणजे मॅडमना विनाकारण दोनदा त्रास होणार नाही.